बुशच्या ड्रॉईंगवरचं H7 कुठून आलं

पितळी बुशचं ड्रॉईंग समोर घ्या. अर्ध्यात कापून दाखवलेला सेक्शन, वर-खाली तिरप्या रेघांचे दोन पट्टे, मधे कोरी जागा. आतल्या व्यासावर Ø25 H7, बाहेरच्या व्यासावर Ø35 p6, लांबी नुसती 40. एवढ्याशा चित्रातल्या खुणा दीडशे-दोनशे वर्षांत, एकेका अडचणीतून आल्या आहेत.

एकच वस्तू काटकोनातल्या दोन-तीन दृश्यांत दाखवायची पद्धत फ्रान्सच्या गास्पार माँजने शास्त्र म्हणून बसवली. मेझिएरच्या लष्करी शाळेत ती कित्येक वर्षं गुपित होती. 1795 मध्ये त्याने ती पॅरिसमध्ये उघडपणे शिकवली.

त्या काळच्या सेक्शनमध्ये रेघा नव्हे, रंग असत. कापलेला भाग जलरंगाने भरायचा, धातूनुसार रंग वेगळा. पितळ पिवळं, बिडाला करडी छटा. ड्रॉईंगची प्रत काढायची तर माणसाने बसून पुन्हा काढायची आणि रंगवायची. मग ब्लूप्रिंट आली. जॉन हर्शलने 1842 मध्ये शोधलेली ही प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रॉईंग ऑफिसांत रुळली, आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांत रंगाला जागाच उरली नाही. त्याची जागा हॅचिंगने घेतली. आधी धातूगणिक रेघांचे नमुने वेगळे होते. पुढे बहुतेक ठिकाणी 45 अंशांच्या साध्या रेघा राहिल्या आणि धातूचं नाव टायटल ब्लॉकमध्ये गेलं.

म्हणून आज हॅचिंग फक्त एवढंच सांगतं: करवत इथल्या धातूतून गेली. बुशमधली कोरी जागा म्हणजे बोअर. नवखा माणूस हमखास अडकतो तो असेंब्ली ड्रॉईंगवर. त्याच बोअरमध्ये पिन बसवलेली असली, तरी लांबीच्या दिशेने कापताना पिन, बोल्ट, शाफ्ट यांना हॅचिंग न करण्याचा संकेत आहे. जागा कोरीच दिसते, पण ती आता भरीव असते. बुश आणि भोवतालचं हाऊसिंग यांच्या रेघा मात्र एकमेकींच्या उलट झुकतात, त्यावरून दोन भाग वेगळे ओळखायचे.

टॉलरन्सची गोष्ट याहून वादाची. जुन्या ड्रॉईंगवर नुसतं 25 लिहिलेलं असे, फार तर शेजारी ‘सैल फिरावं’ किंवा ‘ठोकून बसावं’ अशा अर्थाची टीप. किती सैल, ते फिटर कानशीच्या हाताने ठरवी. त्यामुळे एका मशीनची पिन दुसऱ्यात बसेल याची खात्री नसे. बंदुकांच्या कारखान्यांना ही खात्री हवी होती, आणि तिथूनच गेजने तपासायची शिस्त वाढली. प्लग गेजचं ‘गो’ टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं ‘नो-गो’ टोक जाताच कामा नये. मापाला दोन हद्दी असतात, हे आधी गेजने दाखवलं. ड्रॉईंगवर ते मागाहून उतरलं.

प्रत्येक देशाची हद्दींची पद्धत निराळी होती. त्या एकत्र करून 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस निघाली. आपलं आयएस 919 त्याच वळणाचं. यात अक्षर दोन हद्दींमधल्या पट्ट्याची जागा सांगतं, आकडा त्याची रुंदी. मोठ्या लिपीतलं अक्षर भोकाचं, लहान लिपीतलं शाफ्टचं. H म्हणजे खालची हद्द बरोबर मूळ माप. 25 ला 7 ची रुंदी 21 मायक्रॉन, म्हणून बोअर 25.000 ते 25.021. भोकालाच पाया मानण्यामागे रोकडं कारण आहे: रीमर ठरावीक मापाचा मिळतो, शाफ्ट मात्र लेथवर हवा तेवढा उतरवता येतो. पिन g6 असेल तर ती 24.980 ते 24.993, फट कमीत कमी 7, जास्तीत जास्त 41 मायक्रॉन. लांबीच्या 40 शेजारी काही नाही म्हणजे मोकळीक आहे असं नव्हे. टायटल ब्लॉकजवळ ‘आयएसओ 2768-m’ लिहिलेलं असेल, तर तिथे ±0.3 मिमी लागू होतं.

आता या ड्रॉईंगमधली खोच. बाहेरचा व्यास p6, म्हणजे 35.026 ते 35.042, आणि हाऊसिंगचं भोक H7, म्हणजे 35.000 ते 35.025. बुश दाबूनच बसणार, आणि दाबला की बोअर आवळणार. समजा बोअर 25.004 निघालं, गो टोक गेलं, नो-गो अडलं, तपासणीत पास. प्रेसखाली ते 15 मायक्रॉन आवळलं तर उरलं 24.989. पिन 24.991 ची, तीही पास. दोन्ही ड्रॉईंगप्रमाणे, तरी पिन आत जात नाही. मग टर्नर तपासणीवाल्याकडे बोट दाखवतो, तपासणीवाला गेजकडे.

चूक असते ती ड्रॉईंगवर न लिहिलेल्या एका ओळीत: H7 हे माप बुश बसवण्याआधीचं की नंतरचं? नंतरचं हवं असेल तर ‘बसवल्यावर रीम करा’ अशी टीप लागते, किंवा सुट्या बुशचं बोअर मुद्दाम मोठं द्यावं लागतं. जुना फिटर हे न सांगता करायचा. पिन अडली की रीमर फिरवायचा. त्याच्या हातातलं बरंचसं माप कागदावर आलं, हे तेवढं ड्रॉईंग काढणाऱ्याने आठवणीने लिहावं लागतं.