पॉलिस्टरच्या जिम कपड्यांत मुरलेला घामाचा वास काढणं

जिम, रनिंग, सायकलिंगसाठी वापरतो ते पॉलिस्टरचे टी-शर्ट धुऊन वाळल्यावर अगदी स्वच्छ वाटतात, पण अंगात घालून जरा हालचाल झाली, अंग तापलं की काखेतून तोच जुना आंबूस वास परत यायला लागतो. हा त्या दिवसाच्या घामाचा वास नसतो, तो कपड्यात आधीपासून मुरलेला असतो आणि गरमी नि ओल मिळाली की बाहेर पडतो. तो काढायची पद्धत म्हणजे आधी एन्झाइमवाल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात काही तास भिजवणं, मग कपडा उलटा करून धुणं आणि भरपूर खंगाळणं, आणि शेवटी उन्हात लवकर कोरडा करणं. ह्यातलं ऊन शेवटीच यायला हवं, बरेच जण ते आधी दाखवतात आणि तिथेच गडबड होते, त्याचं कारण खाली येईलच.

वास नेमका कुठे बसतो

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या ग्रंथींमधून जो घाम येतो त्यात प्रोटीन आणि चरबीसारखे पदार्थ असतात, ते त्वचेवरचे बॅक्टेरिया खातात आणि त्यातून वास मारणारी आम्लं आणि गंधकयुक्त संयुगं तयार होतात. ह्याच्या जोडीला त्वचेचं स्वतःचं तेल असतंच, सेबम म्हणतात ते.

आता पॉलिस्टरचा स्वभाव असा की ते पाणी पीत नाही पण तेल धरून ठेवतं. हवेतला ओलावा कॉटन स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के शोषतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे घामातलं पाणी कपड्यावरून पटकन उडून जातं (ह्याचसाठी तर आपण तो कपडा घेतो), पण तेल धाग्याला चिकटून राहतं आणि वास मारणारे रेणू त्या तेलात विरघळून बसतात. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ह्यावर अभ्यास छापला, २६ जणांना जोरदार स्पिनिंगचं सेशन करायला लावलं आणि त्यांचे टी-शर्ट नंतर हुंगून तपासले, तर पॉलिस्टरचे कपडे कॉटनपेक्षा जास्त वास मारत होते आणि मायक्रोकोकस नावाचे बॅक्टेरिया पॉलिस्टरवर खास वाढलेले दिसले. म्हणजे माणूस जास्त घामट आहे म्हणून हे होतं असं नाही, कपड्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

रोजच्या धुण्याने हे का जात नाही? कारण गार पाणी आणि पंधरा मिनिटांची क्विक वॉश सायकल मीठ आणि पाणी काढून टाकते, तेल तसंच राहतं. वास येतो म्हणून मग डिटर्जंट दुप्पट टाकतात, तो नीट खंगाळला जात नाही आणि त्याचाच थर बसतो. वर फॅब्रिक सॉफ्टनर टाकला तर अजून वाईट, कारण सॉफ्टनर म्हणजे मुळात धाग्यावर बसणारा गुळगुळीत लेपच, तो घाम ओढून घ्यायची कपड्याची ताकद कमी करतो आणि खालचं तेल झाकून ठेवतो. जिमच्या कपड्यांना सॉफ्टनर अजिबात नको.

एक फरक मात्र ओळखायला पाहिजे. वास फक्त काख, मान आणि पाठीच्या वरच्या भागात असेल आणि आंबूस किंवा कांद्यासारखा असेल तर तो तेलात मुरलेला वास. पण अख्ख्या कपड्याला ओल्या फडक्यासारखा कुबट वास असेल तर ते हळू वाळल्यामुळे झालेलं असतं, त्यामागे मोराक्सेला नावाचा वेगळा बॅक्टेरिया असतो, जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये तो दाखवून दिला. कुबट वासाला लवकर वाळवणं आणि ऑक्सिजन ब्लीच हा मुख्य उपाय, तेलाच्या वासाला एन्झाइम.

एन्झाइम काय करतात आणि काय नाही

डिटर्जंटच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, तिथे प्रोटीज आणि लायपेज ही दोन नावं शोधायची. प्रोटीज घामातलं प्रोटीन आणि मेलेल्या त्वचेचे कण तोडतं, लायपेज चरबी तोडतं. नुसतं 'एन्झाइम आहेत' असं लिहिलेल्या पावडरीत कधीकधी फक्त प्रोटीज आणि स्टार्चसाठीचं अमायलेज असतं, ते काखेच्या तेलाला पुरत नाही.

एन्झाइमला वेळ लागतो, आणि हेच लोक विसरतात. महागाचं डिटर्जंट आणून क्विक वॉशला टाकलं तर एन्झाइम काम सुरू करेपर्यंत पाणी निघून गेलेलं असतं. ४० अंशांच्या आसपासचं पाणी, म्हणजे हाताला छान कोमट लागेल असं, आणि तीनेक तास भिजवणं ह्याने फरक पडतो. उकळतं पाणी ओतलं तर एन्झाइमच मरतात, वर कपड्यातलं इलॅस्टेन म्हणजे ताणणारा धागा ढिला पडतो. त्याच पाण्यात व्हिनेगर टाकू नये, हे एन्झाइम आणि डिटर्जंट दोन्ही किंचित अल्कधर्मी पाण्यात चांगले चालतात आणि व्हिनेगर आम्ल आहे. क्लोरीन ब्लीच तर नकोच, ते एन्झाइम नष्ट करतं आणि इलॅस्टेनही खातं. क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, तेव्हा ते दोन्ही एका बादलीत कधीच जाता कामा नयेत.

लायपेजची एक गोष्ट फार कमी जण सांगतात. ते चरबी तोडतं म्हणजे तिची फॅटी ॲसिड्स मोकळी करतं, आणि त्यांना स्वतःचा वास असू शकतो. त्यामुळे भिजवून काढलेला शर्ट आधीपेक्षा जास्त आंबट वास मारायला लागला तर घाबरायचं नाही, काम अर्धं झालंय एवढाच त्याचा अर्थ, आता ते पूर्ण धुऊन बाहेर काढायचं. पण तिथेच थांबून नुसतं एकदा खंगाळून वाळत टाकलं तर वास खरंच वाढलेला राहतो, आणि मग 'एन्झाइमने काही झालं नाही' असं म्हणतात.

एक शर्ट घेऊन बघू

समजा वर्षभर वापरलेला गडद निळा रनिंगचा टी-शर्ट आहे, पॉलिस्टर ९० टक्के, इलॅस्टेन १० टक्के. काखेचा भाग हाताला जरा कडक आणि चिकट लागतोय. आधी पाण्याचा एक थेंब खालच्या किनारीवर टाकून बघायचा, तिथे तो लगेच पसरतो, मग काखेत टाकायचा, तिथे तो मण्यासारखा गोळा होऊन बसला तर तिथे तेलाचा किंवा सॉफ्टनरचा थर आहे हे नक्की.

शर्ट उलटा करायचा, कारण सगळा मळ आतल्या बाजूला असतो. कोरड्या काखेवर लिक्विड डिटर्जंटचे थोडे थेंब बोटाने चोळायचे, शिवणीच्या घडीत सुद्धा, आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं. ब्रशने खरवडू नये, धागा फुलतो आणि मग त्यात मळ जास्त अडकतो. मग पाच लिटर कोमट पाण्यात पाकिटावर हाताने कपडे धुण्यासाठी दिलेल्या मापाने डिटर्जंट पूर्ण विरघळवून शर्ट तीन-चार तास बुडवून ठेवायचा, मधे दोनदा काखेचा भाग पाण्याखाली दाबून सोडायचा. पाणी गढूळ झालं की समजायचं काहीतरी निघतंय. त्यानंतर मशीनमध्ये ४० अंशांवर, लेबलवर तेवढं चालत असेल तर, लांब सायकल लावायची, ड्रम अर्धाच भरायचा आणि एक खंगाळणी जास्तीची घ्यायची.

वाळत घालायच्या आधी ओल्या काखेचा वास घ्यायचा, हे अजिबात चुकवू नये. वास राहिला असेल तर सोडियम परकार्बोनेटचं ऑक्सिजन ब्लीच वापरायचं, पाच लिटर ४० ते ५० अंशांच्या पाण्यात एक मोठा चमचा, तासभर. पण आधी लेबलवरचा त्रिकोण बघायचा: त्रिकोणावर फुली असेल तर कुठलंच ब्लीच नाही, आत दोन तिरक्या रेषा असतील तर ऑक्सिजन ब्लीच चालतं. आतल्या शिवणीवर रंग जातो का तेही तपासून घ्यावं. हे द्रावण झाकण लावून बाटलीत साठवू नये, आत वायू तयार होतो आणि बाटली फुटू शकते.

उन्हाचं काम

ऊन तीन गोष्टी करतं: कपडा लवकर कोरडा होतो म्हणून बॅक्टेरियांना वाढायला ओल मिळत नाही, अतिनील किरणांनी वरच्या थरातले बॅक्टेरिया मरतात, आणि राहिलेला थोडाफार वास गरम हवेबरोबर उडून जातो. तेल मात्र ऊन काढत नाही. उलट न धुतलेला घामट शर्ट उन्हात टाकला तर त्यातलं तेल हवेशी संयोग पावून खवट होतं आणि चिवट थर बनतो, जो नंतर एन्झाइमलाही दाद देत नाही. म्हणून धुतल्यावरच ऊन.

वाळत घालताना शर्ट उलटाच ठेवायचा आणि रुंद हँगरवर असा अडकवायचा की काख उघडी राहून तिथे थेट ऊन लागेल, कारण किरणं घडीच्या आत आणि जाड शिवणीत पोचत नाहीत, दोरीवर दुमडून टाकलेल्या शर्टची काख सावलीतच राहते. कडक उन्हात दोन-तीन तास पुरतात. दिवसभर ठेवून जास्त फायदा होत नाही, रंग उडतो (निऑन रंग सगळ्यात आधी) आणि इलॅस्टेन कमजोर होतं. ऊन नसेल तर पंख्याखाली, दोन कपड्यांत हवा खेळेल एवढी जागा सोडून.

वास खरंच गेला का हे कोरड्या शर्टवरून कळत नाही. काखेचा भाग कोमट पाण्याने जरासा ओला करून शर्ट झिप पिशवीत बंद करायचा, अर्धा तास उबदार जागी ठेवायचा आणि पिशवी उघडल्या उघडल्या हुंगायचं. अंगावर जे होणार असतं ते इथेच दिसतं. दोन वेळा पूर्ण भिजवून-धुऊनही पिशवीतून तसाच वास आला, थेंबही अजून गोळा होत असेल, तर त्या शर्टमधून तो बहुधा निघणार नाही. आणि वास निघालेला शर्ट तसाच राहायला हवा असेल तर व्यायामानंतर तो बॅगेत कोंबून न ठेवता उलटा करून वाऱ्यावर टांगावा, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी धुवावा, आणि दर चार-पाच धुण्यांनंतर एकदा एन्झाइममध्ये भिजवावा.