तीन पोझ की तीन बाजू?

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. त्या निमित्ताने पाचवीच्या मुलींचं वीस मिनिटांचं नाटक बसवलं होतं आणि पोशाखांचं काम माझ्याकडे आलं. शिवणाऱ्या मावशींना दाखवायला चित्र हवं होतं, म्हणून एआयला हे लिहून दिलं:

```
सावित्रीबाई फुले, शाळेच्या नाटकाचा पोशाख, कॅरेक्टर शीट, समोरून, बाजूने, मागून
```

चित्र सुरेख आलं. पहिली बाई पुस्तक घेऊन उभी, दुसरी चालत निघालेली, तिसरी पाठमोरी, पण मान वळवून आपल्याकडे बघणारी. मावशींनी ते बघितलं आणि एवढंच विचारलं, "ताई, ह्यातली कुठली साडी शिवायची?" मग लक्षात आलं, तिघींचे काठ वेगळे होते आणि तिसरीला तर चक्क सहावारी नेसवली होती.

मी मागितल्या होत्या तीन बाजू, मिळाल्या तीन पोझ. चूक काहीशी माझ्या शब्दांचीही होती. ॲनिमेशन आणि कॉमिक्सवाले ‘कॅरेक्टर शीट’ हा शब्द दोन्हींसाठी वापरतात. पात्र कसं हसतं, कसं धावतं हे दाखवणारा कागद म्हणजेही कॅरेक्टर शीट, आणि तेच पात्र जागच्या जागी फिरवून दाखवणाराही. दुसऱ्या प्रकाराला टर्नअराउंड म्हणतात. पोझच्या कागदावरून पात्राचा स्वभाव कळतो, म्हणून तो काम करणाऱ्या मुलीला द्यावा. कापड बेतायचं असेल तर टर्नअराउंडच लागतो. त्यात हावभाव नकोतच, कारण हात वर गेला की पदर सरकतो, गुडघा वाकला की निऱ्यांची लांबी कळत नाही.

एकदोनदा बदलून शेवटी असं लिहिलं:

```
एकाच रुंद चित्रात एकच दहा वर्षांची मुलगी तीनदा, शेजारी शेजारी:
पूर्ण समोरून; काटकोनात बाजूने, तोंड चित्राच्या डावीकडे; पूर्ण पाठमोरी.
तिन्हींत सरळ उभी, हात अंगापासून थोडे दूर, उंची सारखी, पावलं एका रेषेत.
हिरवी नऊवारी, लाल काठ, लाल चोळी, बाही कोपरापर्यंत.
पदर तिच्या डाव्या खांद्यावरून पाठीवर.
मागे: निऱ्या दोन पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचलेल्या.
पांढरी पार्श्वभूमी, सपाट प्रकाश, अक्षरं नकोत.
```

एकाच चित्रात तीनदा मागण्याचं कारण साधं आहे. वेगवेगळी तीन चित्रं मागितली की दर वेळी हिरवा रंग आणि काठाची रुंदी बदलते. ‘काटकोनात’ लिहिलं नाही तर बाजूऐवजी अर्धवट वळलेली मुलगी मिळते. दिसायला ती छान दिसते, पण बगलेची शिवण आणि पदराची कड कुठे बसते ते तिच्यावरून समजत नाही. तोंड डावीकडे मागितलं कारण तेव्हा मुलीची डावी बाजू, म्हणजे पदराची बाजू, आपल्यासमोर येते. वय लिहिलं नाही तर लांब पायांची मोठी बाई येते.

खरी परीक्षा पाठीची असते. नऊवारीची ओळखच मागे, कासोट्यात आहे. नुसतं ‘नऊवारी’ लिहिलं तेव्हा एआयने समोरून बरीच बरी साडी काढली आणि मागे घागऱ्यासारखं सलग कापड सोडून दिलं. म्हणून नेसण्याची कृतीच शब्दांत लिहावी लागली. एआय काही बाहुली फिरवून बघत नाही. पाठीचं चित्र तो अंदाजाने काढतो, त्यामुळे पाठीसाठी वेगळी ओळ हवीच.

दुसरी चूक पटकन दिसत नाही. समोरच्या चित्रात डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो, पाठमोऱ्या चित्रात आपल्या डाव्या हाताला. म्हणजे पदराची जागा दोन चित्रांत बदलली पाहिजे. दोन्हीकडे पदर कागदाच्या एकाच बाजूला दिसला, तर मागच्या चित्रात तो उजव्या खांद्यावर गेलाय असं समजायचं. आमच्या शीटमध्ये नेमकं तेच झालं होतं. सगळं पुन्हा काढायला लावलं तर बरोबर आलेलंही बिघडतं, म्हणून तेच चित्र परत देऊन ‘फक्त पाठमोरी आकृती बदल, पदर तिच्या डाव्या खांद्यावर’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या फेरीत जमलं. मुलीचा फोटो मात्र दिला नाही. पोशाखाला चेहऱ्याची गरज नाही.

मापं या कागदावरून घेऊ नका. चित्रात काठ चार बोटं दिसला म्हणून तो तेवढाच येईल असं नाही. कंबर, कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची आणि खांद्यावरून पदराची लांबी मावशींनी मुलीच्या अंगावरच टेप लावून घेतली. शिवलेली नऊवारी करायची होती, म्हणून कमरेला इलॅस्टिक ठरलं. पाठमोऱ्या चित्रावर कासोटा खोचतात तिथे त्यांनी पेन्सिलीने फुली मारली आणि म्हणाल्या, "इथं टाके घालते, म्हणजे पोरगी स्टेजवर कितीही धावली तरी सुटायचा नाही."