आंबटच्या विरुद्ध गोड नव्हे

शाळेच्या सरावपत्रिकेत 'आंबट × गोड' ही जोडी हमखास असते. पोरांना गुण मिळतात, पण जोडी चुकीची आहे. ती का चुकीची, हे नागपुरात समजावणं सगळ्यांत सोपं, कारण पुरावा हिवाळाभर हातगाडीवर रचलेला असतो.

संत्र्याची गोडी आणि आंबटपणा एका मोजपट्टीवर मोजत नाहीत. रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकले की ब्रिक्स कळतो, म्हणजे रसात विरघळलेले पदार्थ किती ते. त्यात मुख्य वाटा साखरेचा. आम्ल मात्र वेगळंच मोजावं लागतं. रसात फिनॉल्फ्थॅलीन घालायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत गुलाबी छटा टिकायची वाट पाहायची. समजा, दोन संत्र्यांचा ब्रिक्स 10 आला. पहिल्यात आम्ल 0.5 टक्के, दुसऱ्यात 1 टक्का. ब्रिक्सला आम्लाने भागलं की पहिल्याचं गुणोत्तर 20, दुसऱ्याचं 10. साखर दोघांत जवळपास सारखी, तरी दुसरं खाताना तोंड वाकडं होतं. तिसऱ्यात दोन्ही कमी असेल तर ते गोडही नाही आणि आंबटही नाही, नुसतं पाणचट. चौथ्यात दोन्ही भरपूर, आणि त्याला तर मराठीने शब्दच देऊन ठेवलाय: आंबटगोड.

खऱ्या विरुद्धार्थी जोडीत हे घडूच शकत नाही. 'गरमथंड चहा' कुणी मागत नाही. गरम आणि थंड ही एकाच मापाची दोन टोकं आहेत, एकाकडे सरकलं की दुसऱ्यापासून दूर जाणं आलंच. आंबट आणि गोड यांची मापंच दोन. जिभेवरही त्यांचे ग्राहक वेगळे: आंबटपणा हायड्रोजन आयनांमुळे कळतो, गोडी साखरेचा रेणू वेगळ्याच प्रथिनाला चिकटल्यामुळे. तिखट तर चवही नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या ग्राहकाला चेतवतं, म्हणून सावजी रश्श्याने तोंड 'भाजतं'. गोड शिऱ्याने ती आग निवली तरी गोड हा तिखटचा विरुद्धार्थी ठरत नाही. फळ पिकताना आम्ल उतरतं आणि साखर चढते, त्यामुळे दोन्ही एकाच दोरीला बांधल्यासारखी वाटतात, इतकंच.

म्हणून विरुद्धार्थी लिहायला विशेषणांची यादी हातात आली की आधी प्रत्येकापुढे एक नाम लिहायचं. नुसत्या 'घट्ट'ला उत्तर नाही. घट्ट वरणाला पातळ, घट्ट गाठीला सैल. 'कच्चा'चं तसंच: आंब्याला पिका, भाताला शिजलेला, रस्त्याला पक्का. बहुतेक चुका इथेच होतात, कारण यादी करणाऱ्याच्या डोक्यात एक नाम असतं आणि वाचणाऱ्याच्या दुसरं.

मग दोन प्रश्न विचारायचे. एकाच वस्तूला एकाच बाबतीत दोन्ही विशेषणं लागतात का? लागत असतील तर जोडी बाद. मेथीचे लाडू गोडही असतात आणि कडूही, म्हणजे 'गोड × कडू'सुद्धा गेली. दुसरा प्रश्न: दोन्ही नाही, असं म्हणता येतं का? 'गरमही नाही, थंडही नाही' म्हणता येतं, मधे कोमट बसतं. 'जिवंतही नाही, मृतही नाही' म्हणता येत नाही. दोन्ही जोड्या खऱ्याच, फक्त जात वेगळी. ती नोंदवून ठेवावी, कारण 'गरम नाही'चा अर्थ 'थंड' होत नाही, पण 'जिवंत नाही'चा अर्थ 'मृत' होतो. खुद्द कोमटला मात्र विरुद्धार्थी नाही. मधल्याला टोक कुठलं? कढतला स्वतःची जोडी नसते, तो गरमच्या आधाराने थंडला जोडायचा.

हे काम संगणकावर सोपवलं तर दोन खड्डे आहेत. 'सुरुवातीचा अ काढा' असा नियम दिला की 'अशुद्ध'चं 'शुद्ध' बरोबर येतं, पण 'अवजड'चं 'वजड' होतं, आणि 'अमूल्य'मध्ये अ असूनही अर्थ फार मोलाचा असा. म्हणून उरलेला शब्द कोशात आहे का आणि अर्थ खरंच उलटतो का, दोन्ही तपासावं लागतं. दुसरा खड्डा शेजारच्या शब्दांवरून अर्थ शिकणाऱ्या पद्धतीचा. 'चहा गरम आहे', 'चहा थंड आहे': आजूबाजूचे शब्द तेच, म्हणून 'गरम'च्या जवळच्या शब्दांतच 'थंड' येऊन बसतो आणि समानार्थी समजला जातो. 'यंत्राला भाषा कळली' म्हणणाऱ्यांनी ही एक यादी तपासून पाहावी. जाता जाता, 'शुभ × अशुभ' ही जोडी व्याकरणात चोख आहे. पण शब्दाला अ जोडता आला म्हणून अशुभ मुहूर्त नावाची वस्तू जगात सापडते, असं नाही.

उरतात ती मापच नसलेली विशेषणं: लाकडी, नागपुरी, नारिंगी. चित्रकार रंगचक्रावर नारिंगीसमोर निळा दाखवतील, पण ते रंगांचं नातं झालं; नारिंगी नसलेली भिंत काही निळी ठरत नाही. 'बिगरनागपुरी' म्हणता येतं, पण त्यात अमरावतीपासून टोकियोपर्यंत सगळंच आलं. अशा शब्दासमोर रकाना रिकामा सोडू नये, कारण नंतर कुणीतरी तो भरतो. तिथे सरळ लिहावं: 'विरुद्धार्थी नाही, माप नाही'. आणि आंबटपुढे: 'विरुद्धार्थी नाही, मापं दोन, गरज पडल्यास आंबट नसलेला'.