पगाराची स्लिप समोर ठेवून बघा, जुनी रिजीम की नवी

माझा चुलतभाऊ वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला आहे, मडगावात भाड्याने राहतो. परवा रात्री त्याने पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवला आणि विचारलं, "दादा, मी भाडं भरतो, पीएफ कापतात, एलआयसी पण आहे, मग मला जुनी रिजीमच बरी ना?" मला वाटतं हा प्रश्न निम्म्या पगारदारांच्या डोक्यात असतो, म्हणून त्याचीच स्लिप घेऊन 2025-26 च्या इन्कम टॅक्सचा दोन्ही रिजीममधला हिशोब इथे मांडतो.

स्लिपवर महिन्याला बेसिक 50,000, एचआरए 20,000 आणि स्पेशल अलाउन्स 45,000, म्हणजे ग्रॉस 1,15,000. वर्षाचे 13,80,000. इथे सीटीसी धरू नका, त्यात कंपनीचा पीएफ वगैरे मिसळलेला असतो. आणि चवथीआधी बोनस मिळत असेल तर तो मात्र जोडा, एका महिन्याच्या स्लिपला बाराने गुणलं की तोच सुटतो (ह्याला बोनस नाही).

आधी नवी, कारण ती दोन मिनिटांत होते. 13,80,000 मधून स्टँडर्ड डिडक्शनचे 75,000 वजा, राहिले 13,05,000. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, त्याच्या पुढच्या 4 लाखांवर 10 टक्के म्हणजे 40,000 आणि उरलेल्या 1,05,000 वर 15 टक्के म्हणजे 15,750. एकूण 75,750, त्यावर 4 टक्के सेस धरून 78,780.

आता जुनी, आणि इथेच सगळे घसरतात. भाऊ म्हणाला, एचआरएचे वर्षाचे 2,40,000 पूर्ण माफ होणार. तसं नसतं. तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान तेवढा माफ: मिळालेला एचआरए 2,40,000, बेसिकच्या 40 टक्के (गोवा मेट्रोत येत नाही, म्हणून 50 नाही) तेही 2,40,000, आणि भरलेलं भाडं वजा बेसिकच्या 10 टक्के. तो महिना 18,000 भाडं देतो, वर्षाचे 2,16,000, त्यातून 60,000 गेले, राहिले 1,56,000. बस, एवढंच माफ. आणि भाडं वर्षाला लाखाच्या वर असल्याने ऑफिसला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, तो मागायला गेलं की कितीतरी मालक तोंड फिरवतात, त्यामुळे मालकाला आधीच विचारून ठेवा.

एचआरएचे 1,56,000, स्टँडर्ड डिडक्शन 50,000 (जुन्यात एवढंच), 80सी मध्ये स्लिपवरचा पीएफ 72,000 आणि एलआयसी, पीपीएफ मिळून पूर्ण 1,50,000, मेडिक्लेमचा हप्ता 24,000. सगळं वजा करून बरोबर 10,00,000 राहतात. त्यावर पहिल्या 5 लाखांचे 12,500 अधिक पुढच्या 5 लाखांचे 1,00,000, सेस धरून 1,17,000. म्हणजे एवढं सगळं दाखवूनसुद्धा जुन्यात 38,220 जास्त जातात! कारण जुन्यात 5 लाखांच्या वर सरळ 20 टक्के लागतात.

मग जुनी कधी परवडेल? ह्याच पगाराला स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण 5,14,000 ची वजावट हवी, ह्याच्याकडे 3,30,000 आहे. पेडण्यात आईवडिलांसाठी घर बांधून त्याच्या लोनचं व्याज 2 लाख जात असतं तर जुन्यात टॅक्स 75,400 झाला असता, म्हणजे जुनी 3,380 ने स्वस्त. इतका बारीक फरक असतो, म्हणून शेजाऱ्याला काय परवडलं ते बघून ठरवू नका.

पण मला त्याच्या स्लिपमध्ये खरी वाट दिसली ती वेगळीच. कंपनी स्पेशल अलाउन्समधलेच पैसे स्वतःच्या वाट्याचा एनपीएस, म्हणजे भावाच्या पेन्शन खात्यातला हप्ता, म्हणून भरायला तयार असेल तर नव्या रिजीममध्ये बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत ते वजा होतात (जुन्यात खाजगी नोकरीत 10). ह्याचे होतात 84,000. मग 13,05,000 चे 12,21,000 झाले, आणि नव्यात 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य होतो, त्याच्या जरा वर असलं की मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणजे 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न त्याहून जास्त टॅक्स घेत नाहीत. टॅक्स 21,000, सेस धरून 21,840. 78,780 वरून! हातात येणारा पगार मात्र महिना 7,000 ने कमी होतो (त्यातले बरेचसे टॅक्स कमी कापल्याने भरून येतात) आणि ते पैसे बरीच वर्षं अडकतात, घरात दुसरा खर्च तोंडावर असेल तर हे करू नये. आपण स्वतःहून एनपीएसमध्ये भरलेले पैसे नव्या रिजीममध्ये चालत नाहीत, कंपनीमार्फतच जायला हवेत.

एक शेवटचं. स्लिपवर जो टीडीएस दिसतो तो अंतिम टॅक्स नाही. ऑफिसला काही सांगितलं नाही तर ते नवीच धरतात, पण पगारदाराला रिटर्न भरताना बदलता येतं. फक्त जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीच्या आत भरा, उशीर झाला की नवीच लागते. भावाने काल एचआरला एनपीएसबद्दल मेल टाकला आहे, अजून उत्तर आलेलं नाही.