पाच ‘तुम्ही’ आणि एक इटालियन ई-मेल

पुण्याजवळ मसाले तयार करणाऱ्या एका उद्योजकाने मला चार-पाच ओळींचं पत्र इटालियनमध्ये करायला दिलं होतं. मिलानच्या एका प्रदर्शनात त्यांना बोलोन्याजवळच्या कंपनीचा एक माणूस भेटला होता. बोलोन्याच्या आसपास पॅकिंगची यंत्रं बनवणारे कारखाने इतके आहेत, की त्या पट्ट्याला ‘पॅकेजिंग व्हॅली’ असंच म्हणतात. प्रदर्शनात दोघं इंग्रजीत बोलले होते. आता पहिला ई-मेल जायचा होता, आणि समोरच्याला चांगलं वाटावं म्हणून तो त्याच्याच भाषेत जावा अशी त्यांची इच्छा होती. मजकूर असा होता:

“नमस्कार. मिलानच्या प्रदर्शनात मी तुम्हाला भेटलो होतो. तुम्ही मशीनची माहिती फार स्पष्ट समजावून सांगितलीत, त्याबद्दल तुमचे आभार. तुमच्या मसाला भरायच्या मशीनचा दर हवा आहे. फोनवर कधी बोलता येईल ते कळवा.”

मराठीत या पत्रात काहीच अवघड नाही. तुम्हाला, तुम्ही, तुमचे, तुमच्या असं चार वेळा येतं, आणि पाचवा ‘तुम्ही’ शेवटच्या ‘कळवा’मध्ये दडलेला आहे. इटालियनमध्ये मात्र या पाचही जागी थांबून विचार करावा लागतो.

इटालियनमध्ये समोरच्याला संबोधायला तीन सर्वनामं आहेत. पहिलं ‘तू’. उच्चार आपल्या ‘तू’सारखाच, आणि नातंही खरंच आहे, कारण लॅटिनमधलं ‘तू’ आणि संस्कृतमधलं ‘त्वम्’ एकाच मुळातून आले आहेत. दुसरं ‘लेई’, म्हणजे आदरार्थी एकवचन. तिसरं ‘वोई’, म्हणजे अनेकवचन.

मराठी माणसाची पहिली चूक इथेच होते, आणि ती अगदी स्वाभाविक आहे. आपला ‘तुम्ही’ व्याकरणाने अनेकवचनी आहे आणि आदरासाठी तो आपण एका माणसालाही वापरतो. त्यामुळे ‘तू म्हणजे तू, तुम्ही म्हणजे वोई’ असं समीकरण डोक्यात आपोआप बसतं. फ्रेंच शिकलेल्यांच्या डोक्यात तर ते पक्कंच असतं, कारण फ्रेंच ‘वू’ नेमका आपल्या ‘तुम्ही’सारखा चालतो. इटालियनमध्येही एके काळी एका माणसाला आदराने ‘वोई’ म्हणत, आणि दक्षिणेत, विशेषतः नेपल्सच्या बाजूला, वडीलधाऱ्यांशी बोलताना तो आजही ऐकू येतो. पण उत्तरेतल्या कंपनीतल्या माणसाला आज लिहिलेल्या पत्रात ‘वोई’ दिसला, की वाचणारा त्याचा अर्थ ‘तुम्ही सगळे’ असा घेतो.

या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. सुरुवातीच्या काळात असंच एक पत्र मी आदर म्हणून संपूर्ण ‘वोई’मध्ये केलं. ज्याला लिहिलं त्याला ते कंपनीला उद्देशून लिहिलेलं परिपत्रक वाटलं. त्याने ते विक्री विभागाच्या सामायिक पत्त्यावर ढकललं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं ते भलत्याच माणसाकडून, आणि त्याला आधीच्या भेटीची काहीच कल्पना नव्हती. पत्रात असभ्य असा एकही शब्द नव्हता. फक्त ते कोणा एकासाठी आहे हे सर्वनामाने सांगितलंच नव्हतं.

मग ‘लेई’ घ्यायचा. पण ‘लेई’चा मूळ अर्थ आहे ‘ती’. समोर मिशीवाला गृहस्थ असला तरी त्याला ‘ती’ म्हणायचं, क्रियापदही तृतीयपुरुषी एकवचनी वापरायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण मराठी वाचकाला हे समजायला खरं तर सगळ्यात सोपं आहे. “आज स्वारी कुठे निघाली?” असं आपण एखाद्या पुरुषालाच तोंडावर विचारतो. ‘स्वारी’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘निघाली’. अर्जात “साहेबांनी लक्ष घालावे” असं आपण साहेबांनाच लिहितो, तेव्हाही समोरच्याविषयी तृतीयपुरुषात बोलत असतो. इटालियनमध्ये हेच घडलं. दरबारी शिष्टाचारात ‘वोस्त्रा सिन्योरिया’, म्हणजे साधारण ‘आपली प्रभुता’, असं संबोधन रूढ झालं. ‘सिन्योरिया’ स्त्रीलिंगी, म्हणून पुढच्या वाक्यात तिच्याबद्दलचं सर्वनाम ‘ती’. पुढे मूळ संबोधन गळून पडलं आणि ‘ती’ तेवढी उरली.

ही ‘ती’ काही काळ राजकारणातही सापडली. 1938 मध्ये फॅसिस्ट पक्षाचा सचिव आकिले स्ताराचे याने ‘लेई’ परकीय आणि गुलामी वृत्तीचा ठरवून त्याजागी ‘वोई’ वापरण्याची मोहीम चालवली. त्या वर्षी ‘लेई’ नावाच्या एका महिला साप्ताहिकाला आपलं नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ करावं लागलं, वास्तविक तिथे त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘ती’ एवढाच होता. राजवट गेली आणि ‘लेई’ परत आला. एका माणसासाठीचा ‘वोई’ आज अनेकांच्या कानाला जुनाट वाटतो, त्यामागे हा इतिहासही आहे.

आता पत्राकडे येऊ. ज्याला लिहायचं त्याचं नाव आंद्रेआ. इंग्रजीच्या सवयीने हे बाईचं नाव वाटतं, पण इटलीत ते मुख्यतः पुरुषाचं आहे. निकोला, लूका, सिमोने यांचंही तसंच. ‘आंद्रेआ’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘पुरुष’ असा आहे. मायना लिहिताना हे कळणं गरजेचं असतं, कारण पदवीधर पुरुष ‘दोत्तोरे’ आणि स्त्री ‘दोत्तोरेस्सा’. तिथे कोणत्याही पदवीधराला डॉक्टर म्हणतात, त्याचा दवाखान्याशी संबंध नाही. नुसतं ‘जेंतीले’ हे मायन्यातलं विशेषण दोन्ही लिंगांना सारखंच असतं, म्हणून खात्री नसेल तेव्हा ‘जेंतीले’ आणि पुढे पूर्ण नाव-आडनाव लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

पहिलं वाक्य: मी तुम्हाला भेटलो होतो. इटालियनमध्ये होतं ‘लो इन्कोन्त्राता’. इथे ‘तुम्हाला’च्या जागी ‘तिला’ हे कर्म आलं, आणि भूतकाळाचं रूप त्या कर्माप्रमाणे चालतं, म्हणून शेवटी स्त्रीलिंगी ‘ता’. आपल्याकडे ‘मी पोळी खाल्ली’मध्ये क्रियापद कर्माचं लिंग घेतं तसंच. आंद्रेआ पुरुष आहे, तरीही ‘ता’.

दुसरं वाक्य: तुम्ही फार स्पष्ट सांगितलंत. हे इटालियनमध्ये ‘लेई ए स्तातो मोल्तो क्यारो’, म्हणजे शब्दशः ‘ती फार स्पष्ट होता’. इथे मात्र शेवटी पुल्लिंगी ‘ओ’, कारण आता वर्णन प्रत्यक्ष माणसाचं चाललं आहे. एकाच माणसासाठी एका ओळीत स्त्रीलिंग आणि पुढच्याच ओळीत पुल्लिंग. नवशिक्या अनुवादकाला यातलं एक चुकलं असं वाटतं आणि तो ‘दुरुस्त’ करून ठेवतो. दोन्ही बरोबर असतात.

आभार मानताना ‘ला रिंग्रात्सियो’. पण ‘मी तुम्हाला लिहितो आहे’ म्हणायचं असेल तर ‘ले स्क्रीवो’. मराठीत दोन्हीकडे तोच ‘तुम्हाला’, म्हणून ‘ला’ आणि ‘ले’ची अदलाबदल आपल्याकडून हमखास होते. क्रियापद कर्म सरळ घेतं की ‘कोणाला तरी काहीतरी’ अशा वळणाने घेतं, हे प्रत्येक क्रियापदागणिक लक्षात ठेवावं लागतं. शिवाय ‘ले’चा साधा अर्थ ‘तिला’ असाही होतो. हा घोटाळा टाळायला औपचारिक पत्रात आदराच्या या सर्वनामांचं पहिलं अक्षर मोठं काढायची पद्धत आहे. ते सर्वनाम क्रियापदाच्या शेपटाला चिकटलेलं असेल, तर चक्क शब्दाच्या मधोमध मोठं अक्षर येतं. हल्ली पुष्कळजण ते सोडून देतात. अनोळखी माणसाला पहिल्यांदा लिहिताना मी ठेवते, आणि ठेवलं की पत्रभर सगळीकडे ठेवते.

चौथा ‘तुम्ही’ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘तुमच्या मशीनचा दर’ यातली मशीन आंद्रेआच्या मालकीची नाही, कंपनीची आहे. इथे ‘लेई’चं ‘सूआ’ लावलं, तर ती त्याची खासगी मशीन असल्यासारखं वाटतं. इथे ‘वोई’चं ‘वॉस्त्रा’च हवं: ‘ला वॉस्त्रा माक्किना’. म्हणजे ज्या ‘वोई’ला आपण दारातून परत पाठवलं, तो याच पत्रात आपल्या हक्काच्या जागी येऊन बसतो. माणूस ‘लेई’, कंपनी ‘वोई’, आणि दोन्ही एकाच पत्रात. तपासणाऱ्याला ही सरमिसळ वाटू शकते, म्हणून मी प्रत्येक ‘तुमचा’ समोर एकच प्रश्न ठेवते: हा माणूस उद्या नोकरी सोडून गेला, तर ही वस्तू त्याच्याबरोबर जाईल का? फोन नंबर, वेळ, मदत त्याची. मशीन, दरपत्रक, कारखाना त्यांचा. कोणाचंच नाव माहीत नसेल आणि पत्र थेट कंपनीलाच असेल, तर मायना ‘स्पेत्ताबिले’ होतो आणि मग सगळं पत्रच ‘वोई’त चालतं.

शेवटचं ‘कळवा’. ‘लेई’साठी ते ‘मी फाच्चा सापेरे’, ‘तू’साठी ‘फाम्मी सापेरे’. हे दुसरं रूप बोलण्यात इतकं रुळलेलं आहे, की वरचं सगळं पत्र नीट ‘लेई’मध्ये लिहूनही शेवटच्या ओळीत ते घसरतं. आपल्याकडे “आपण कृपया दर पाठवावा आणि लवकर कळव” असं लिहिल्यावर जसं दचकायला होईल, तसंच तिथे होतं. यात सर्वनाम कुठेच दिसत नाही, म्हणून नुसती सर्वनामं शोधून ही चूक सापडत नाही. मी पत्र झालं की शेवटच्या ओळीपासून उलटं वाचत येते आणि फक्त क्रियापदांची शेपटं बघते.

राहिला ‘तू’. तरुण मंडळींच्या कंपन्यांत, डिझाइनसारख्या क्षेत्रांत, एकाच धंद्यातल्या बरोबरीच्या माणसांत तो पहिल्या पत्रापासून चालतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी 1960 मध्ये फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांतली ही सर्वनामं तपासली. पूर्वी त्यांची निवड अधिकाराच्या उतरंडीवर ठरे, आणि हळूहळू ती आपलेपणावर ठरू लागली, असं त्यांनी दाखवलं. आपलेपणा ही मात्र दोघांनी मिळून ठरवायची गोष्ट. ‘तू’वर येऊ या असं सुचवण्याचा मान सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाचा. परदेशातून मशीनचा दर विचारणाऱ्या माणसाने तो पहिल्याच ओळीत घेऊन टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्र ‘लेई’मध्ये गेलं. चार दिवसांनी आंद्रेआचं उत्तर आलं. सुरुवातीला ‘चाओ’, खाली सहीत नुसतं पहिलं नाव, आणि मजकुरात सरळ ‘तू’. आता आपण ‘लेई’लाच चिकटून राहिलो असतो, तर हात पुढे केलेल्याला लांबून नमस्कार केल्यासारखं झालं असतं. म्हणून दुसऱ्या पत्रात ‘ला रिंग्रात्सियो’चं ‘ती रिंग्रात्सियो’ झालं, यातला ‘ती’ म्हणजे इटालियनमधला ‘तुला’, ‘फाच्चा’चं ‘फाम्मी’ झालं, मोठी अक्षरं गेली. ‘वॉस्त्रा माक्किना’ तेवढी होती तशीच ठेवली, कारण मशीन अजूनही कंपनीचीच होती.