जुना पीएस ४ घेताय? पैसे देण्याआधी एवढं बघा

विकणारा "फक्त चार वर्षं वापरलाय" म्हणतो, तेव्हा आधी कन्सोल उलटा करा. मागच्या किंवा खालच्या लेबलवर CUH ने सुरू होणारा मॉडेल नंबर असतो. CUH-10 आणि CUH-11 हे सुरुवातीचे जाड पीएस ४, CUH-12 हा २०१५ मध्ये आलेला जाड, CUH-20 पासून पुढे स्लिम, तर CUH-70 पासून प्रो. स्लिम आणि प्रो दोन्ही २०१६ च्या शेवटी आले. मॉडेल नंबरवरून विकत घेतल्याची तारीख कळत नाही, पण वयाचा अंदाज येतो.

समजा, लेबलवर CUH-12 आहे आणि विकणारा २०२१ मध्ये नवा घेतल्याचं सांगतोय. स्लिम आल्यावर जाड मॉडेलची जागा त्यानेच घेतली होती, त्यामुळे हा कन्सोल बहुधा २०१५-१६ चा आहे. बिल मागा. नसेल, तर भाव त्या वयाचाच बोला.

आता झीज. पाच मिनिटं मेन्यू फिरवून काहीच समजत नाही. एखादा जड गेम निदान अर्धा तास चालवा. पंख्याचा आवाज वाढत जाऊन घरघर थांबेचना, किंवा कन्सोल तापल्याचा संदेश देऊन बंद पडला, तर आत धूळ साचलेली असते किंवा थर्मल पेस्ट वाळलेली असते. हे काम दुरुस्तीत निघतं, म्हणून एवढ्यावरून सौदा मोडू नका, भाव कमी करून घ्या. गेम चालू असताना एचडीएमआय केबल हलकेच हलवून बघा. चित्र जात असेल तर आधी दुसरी केबल लावा. तरीही जात असेल तर पोर्ट सैल आहे, आणि तो बदलणं खर्चिक आहे. कंट्रोलरची काठी सोडल्यावरही पात्र किंवा कॅमेरा आपोआप सरकत असेल, तर काठीत ड्रिफ्ट आहे. डिस्क आत-बाहेर करून बघा, आणि तिथेच तुमच्या खात्याने लॉगिन करा. सोनीने बंदी घातलेला कन्सोल ऑनलाइन जात नाही.

शेवटचा प्रश्न पिढीचा, आणि आमच्या मते खरा निर्णय इथेच होतो. मुलाला फक्त फुटबॉल खेळायचा असेल तर पीएस ४ पुरेसा आहे, एफसी २६ त्यावर निघाला आहे. पण स्पायडर-मॅन २, बाल्डर्स गेट ३ आणि ॲस्ट्रो बॉट पीएस ५ वर आहेत, पीएस ४ वर नाहीत. प्रो घेतलात तरी हे चालणार नाहीत, कारण प्रो म्हणजे त्याच पिढीचा जास्त ताकदीचा कन्सोल. पीएस ४ ची डिस्क डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस ५ वर बहुतेक वेळा चालते, उलटं मात्र होत नाही. म्हणून हव्या त्या गेमच्या खोक्यावर कोणता कन्सोल लिहिलाय ते आधी वाचा.

तपासणीसाठी आमच्याकडे आणताना कंट्रोलर, पॉवर केबल आणि एक चालती डिस्क सोबत ठेवा.