शंभराचा वीकली, तीनशे वीसचा मंथली: स्वस्त कुठला?

‘वीकली ऑप्शन स्वस्त असतो, आणि घेणाऱ्याचा तोटा मर्यादित असतो, म्हणजे धोका कमी.’ या एका वाक्यात दोन घोटाळे आहेत, आणि खानापूरहून उद्यमबागला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ते रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकायला मिळतं. परवा ते आमच्याच कारखान्यातल्या क्वालिटी विभागातल्या पोरानं ऐकवलं. शेजारी हिशेबखात्यातले अण्णा बसले होते, म्हणून देसूर ते पिरनवाडी एवढ्या अंतरात निदान एका उदाहरणाची तरी नीट चिरफाड झाली.

कॉल म्हणजे काय, पुट म्हणजे काय, हे इथं सांगत बसत नाही. वीकली-मंथलीतले वरवरचे फरकही एका दमात उरकतो. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते. महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतो तो मंथली, बाकीच्या मंगळवारी संपतात ते वीकली. दोन्हींचा हिशेब रोखीनं मिटतो, शेअर हातात येत नाहीत. बँक निफ्टीचे वीकली सेबीच्या नियमामुळं नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झाले, तरी अजून लोक त्यांच्या टिप्स विचारत फिरतात. एकेका कंपनीच्या शेअरवर वीकली नसतोच. झालं.

खरी गोम पुढं आहे. पोरानं मोबाइल अण्णांच्या पुढं धरला. गुरुवार होता. निफ्टी २५,००० धरा. २५,१०० चा कॉल येत्या मंगळवारचा घेतला तर १०० रुपये, आणि तोच कॉल महिनाअखेरचा, म्हणजे २६ दिवसांचा घेतला तर ३२०. (आकडे गोल केलेत. तेव्हा लॉट ७५ चा होता. तो बदलत असतो.)

“अण्णा, तोच निफ्टी, तोच स्ट्राइक. साडेसात हजारात काम होत असताना चोवीस हजार कशाला घालायचे? आणि गेले तर साडेसात हजारच की वो!”

“किती दिवसांचे साडेसात हजार?” अण्णा म्हणाले.

“पाच.”

“मग दिवसाला वीस रुपये पडले. मंथलीचे बारा-साडेबारा पडतात. महाग कुठला म्हणायचा?”

हा भागाकार लोक करत नाहीत, म्हणून मला राग येतो. बाजारभाव २५,००० असताना २५,१०० च्या कॉलमध्ये आजच्या घडीला वसूल होण्यासारखं काहीच नसतं. शंभरचे शंभर रुपये ही निव्वळ वेळेची किंमत असते. गुरुवार ते मंगळवार या पाच दिवसांत शनिवार-रविवार बाजार बंद, म्हणजे हातात उरलेल्या दिवसांतले दोन तर बसूनच जायचे. आणि वेळेची ही किंमत रोज सारखी झिजत नाही. महिना हातात असताना ती सावकाश उतरते, शेवटच्या आठवड्यात धाड धाड उतरते. मंथली घेणारा उताराचा सौम्य भाग विकत घेतो. वीकली घेणारा थेट कड्यावरच उभा राहतो.

पोरगं ऐकायला तयार नव्हतं. “पण निफ्टी वर जाणार हे नक्की आहे. मग झीज कशाला बघू?”

अण्णांनी तेच धरलं. “बरं, तुझं खरं धरू. मंगळवारी निफ्टी २५,१२० ला बंद झाला. तुझा अंदाज बरोबर आला. तुझ्या वीकलीत काय उरलं?”

पोरानं हिशेब केला. २५,१२० वजा २५,१००, वीस रुपये. शंभराचा माल वीसला. ७५ च्या लॉटवर सहा हजार गेले, आणि तेही अंदाज बरोबर येऊन. त्याला नुसतं बरोबर ठरून चालणार नव्हतं. मंगळवारच्या बंदपर्यंत निफ्टी २५,२०० च्या वर जायला हवा होता, तेव्हा कुठं मुद्दल सुटलं असतं. तोच मंथली मंगळवारी, बाजारातली अस्थिरता तेवढीच राहिली असं धरलं तर, ३४५ च्या आसपास असतो. झीज झालेली असते, पण वर गेलेल्या १२० अंकांनी ती भरून काढलेली असते.

दिशा बरोबर येणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वीकलीत त्यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त असतं. ‘तोटा मर्यादित’ हे वाक्य तोटा जास्तीत जास्त किती होईल ते सांगतं. तो किती वेळा होईल याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. साडेसात हजारांचा मर्यादित तोटा महिन्यात चार वेळा झाला की तीस हजार होतात, आणि पहिल्या मंगळवारी कुणी थांबत नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले.

आता मंथलीवाल्यांनी लगेच मान डोलवू नये. निफ्टी मंगळवारपर्यंत २४,८०० वर घसरला तर वीकली शून्य होतो, साडेसात हजार जातात. मंथली १९० च्या आसपास राहतो, म्हणजे १३० गुणिले ७५, पावणेदहा हजारांचा खड्डा. रुपयांत बघितलं तर मंथलीचा तोटा जास्त. फरक एवढाच की त्याच्याकडं अजून २१ दिवस असतात, आणि चुकलं असं वाटलं तर विकून बाहेर पडायला काहीतरी शिल्लक असतं. म्हणून ‘मंथली सुरक्षित’ म्हणणाराही माझ्या लेखी त्याच वर्गात बसतो. चोवीस हजारांचा धोका झेपत नसेल तर उत्तर वीकली नाही. उत्तर आहे, व्यवहार न करणं.

“पण एक्स्पायरीला दहाचे सत्तर होतात, त्याचं काय?” पिरनवाडी आली तरी पोराचा हट्ट सुटला नव्हता.

होतात की. एक्स्पायरीच्या दुपारी निफ्टी २५,०५० वर असताना हा कॉल दहा रुपयांना मिळू शकतो, आणि बंद होताना निफ्टी २५,१७० झाला तर त्याचे सत्तर होतात. वेळ संपत आली की निफ्टीच्या प्रत्येक अंकाचा हिसका जोरात बसतो. पण तोच हिसका उलटही बसतो, आणि दहाचे शून्य झालेले स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही. विकणाऱ्याच्या बाजूनं तर हा हिसका अधिकच वाईट: त्याला मिळणार ते दहा रुपये ठरलेले, जाणार ते ठरलेलं नाही. वीकली विकून ‘भाडं खातोय’ म्हणणाऱ्यांवर स्वतंत्रच लिहावं लागेल.

पोरानं शेवटी विचारलं, “मग कुठला घेऊ, सांगा की.”

अण्णांनी त्याच्याच मोबाइलवर तीन गोष्टी काढून दाखवल्या. स्ट्राइकमध्ये प्रीमियम मिळव, तो आकडा लिही. हातात किती दिवस, ते लिही. सुट्ट्या वजा कर. मग गेल्या काही महिन्यांच्या चार्टवर बघ, तेवढ्या दिवसांत निफ्टी तेवढा कितीदा चालला. तिसऱ्या रकान्यात क्वचितच ‘हो’ येत असेल तर तो शंभरालाही महागच आहे.

पोरानं चार्ट उघडला. उद्यमबागचा स्टॉप येईपर्यंत त्याचे मागचे सहा गुरुवार बघून झाले होते.